'पूजां चकार' की 'पूजयाञ्चकार'? संस्कृतातील जोडरूपी परोक्ष भूतकाळ ओळखताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाची कथा संस्कृतात सांगायची झाली, तर तिची क्रियापदे सहजच लिट् लकारात, म्हणजे परोक्ष भूतकाळात, येतील. सिद्धरामेश्वर 12व्या शतकातले, आणि सांगणाऱ्याने स्वतः डोळ्यांनी न पाहिलेल्या जुन्या घटनेसाठी पाणिनीने 'परोक्षे लिट्' असे सूत्रच दिले आहे. लिट् लकाराची नेहमीची खूण म्हणजे धातूच्या आरंभीच्या भागाचे द्वित्व: गम् चे जगाम, पठ् चे पपाठ, कृ चे चकार. ही खूण डोळ्यांत बसली की साध्या उताऱ्यातली बहुतेक रूपे चटकन सापडतात, पण काही क्रियापदे मात्र हाती लागत नाहीत, कारण त्यांच्या मूळ धातूचे द्वित्व झालेलेच नसते.

'स्थापय' हे प्रयोजक अंग पाहा. स्था या धातूवर प्रत्ययांचा थर चढून ते तयार झाले आहे. अशा आधीच वाढलेल्या अंगाचे पुन्हा द्वित्व न करता भाषा त्याला 'आम्' हा प्रत्यय लावते आणि काळ, पुरुष व वचन दाखवण्याचे काम कृ, भू किंवा अस् यांपैकी एका सहायक धातूवर सोपवते. म्हणून स्थापयाञ्चकार, स्थापयाम्बभूव आणि स्थापयामास या तिन्हींचा अर्थ एकच, 'त्याने स्थापन केले'. मागून येणाऱ्या या सहायकाला व्याकरणात अनुप्रयोग म्हणतात. प्रयोजक, इच्छार्थक, दशम गणातील आणि नामापासून बनलेली क्रियापदे हाच मार्ग घेतात. त्यांच्याबरोबर ईक्ष् (पाहणे), एध् (वाढणे) यांसारखे, म्हणजे अ-आ सोडून इतर गुरू स्वराने सुरू होणारे धातूही येतात, आणि शिवाय विद्, जागृ, भी असे मोजके धातू. या मोजक्यांपैकी काहींचे साधे रूपही चालते, त्यामुळे विवेद आणि विदाञ्चकार ही दोन्ही रूपे बरोबर आहेत.

आता एक छोटा उतारा घेऊ. तो प्रस्तुत लेखासाठीच रचला आहे, आणि त्यात फसवी ठिकाणे मुद्दाम पेरली आहेत.

पुरा सोन्नलपुरे सिद्धरामो नाम योगी बभूव। स जनानां हिताय तडागं खानयामास। तस्यां पुर्यां लिङ्गानि स्थापयाञ्चकार, प्रत्यहं शिवस्य पूजां चकार। दूरादागता जनास्तम् ईक्षाञ्चक्रिरे, पादयोर्निपत्य च पूजयाम्बभूवुः।

पहिल्या वाक्यातले 'बभूव' सहायक नाही. त्याच्यामागे 'आम्' असलेले अंग नसून 'योगी' हे प्रथमान्त नाम आहे, म्हणून ते 'होता' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद ठरते. 'खानयामास' मध्ये संधीमुळे शब्द एकसंध दिसतो. तो खानयाम् + आस असा सोडवला की 'अयाम्' हा शेवट उघडा पडतो आणि प्रयोजक अंग ओळखू येते: त्याने तलाव खणवला. पाणिनीच्या व्यवस्थेत 'आस' हे रूप फक्त अशा अनुप्रयोगातच येते, स्वतंत्र अस् धातूच्या जागी लिट् मध्ये भू चे 'बभूव' वापरले जाते. त्यामुळे अभिजात संस्कृतात '-यामास' असा शेवट दिसला की निकाल जवळजवळ लागलेलाच असतो, मात्र वैदिक गद्यात किंवा महाकाव्यांत एकटे 'आस'ही भेटते, हे ध्यानात ठेवावे. 'तस्यां पुर्याम्' येथील 'आम्' सप्तमीचा आहे, तर 'जनानाम्' मधील षष्ठीच्या बहुवचनाचा. शेवट सारखा असला तरी त्यांच्यामागे क्रियेचे अंग नाही.

उताऱ्यातली खरी परीक्षा 'पूजां चकार' येथे आहे. पुढच्याच वाक्यात 'पूजयाम्बभूवुः' हे अस्सल जोडरूप आहे, मग 'पूजां चकार' तसे का नाही? एक कारण उघड आहे, 'पूजां' मध्ये 'अय' नाही. दुसरे कारण अधिक कामाचे आहे आणि मराठी वाचकाला ते सहज पटेल. आपण 'देवाची पूजा केली' म्हणतो, पण 'देवाला पूजले' म्हणतो. पहिल्या रचनेत पूजा हेच 'केली'चे कर्म असते, म्हणून देव षष्ठीत जातो. संस्कृतातही 'शिवस्य पूजां चकार' येथे शिव षष्ठीत आहे, तर जोडरूप वापरले असते तर 'शिवं पूजयाञ्चकार' अशी द्वितीया आली असती. जोडरूप हे एकच क्रियापद असते आणि ते सकर्मक असेल तर आपले कर्म स्वतः द्वितीयेत घेते.

दोन्ही रचना इतक्या जवळच्या असणे हा योगायोग नसावा. 'ईक्षाम्' हे मुळात 'ईक्षा' या क्रियावाचक नामाचे द्वितीयेचे रूप आणि 'ईक्षां चक्रे' म्हणजे शब्दशः 'पाहणे केले', असा या रचनेचा उगम भाषेतिहासाचे अभ्यासक मानतात. पुढे नाम आणि क्रियापद एकजीव झाले.

जोडरूपातील अंग आणि सहायक या दोहोंच्या मध्ये इतर शब्द घालू नये असा व्याकरणपरंपरेचा दंडक आहे. तरी रघुवंशाच्या नवव्या सर्गात कालिदास रानरेड्याच्या डोळ्यात घुसलेल्या बाणाविषयी 'तं पातयां प्रथममास पपात पश्चात्' असे लिहितो: बाणाने रेड्याला आधी पाडले, मग तो स्वतः पडला. येथे 'पातयाम्' आणि 'आस' यांच्यात 'प्रथमम्' शिरले आहे. मला ही सूट बाणाच्या वेगाला शोभणारी वाटते. वाचकाने मात्र एकाकी 'पातयां' दिसल्यास ते नाम समजू नये आणि पुढे सहायक शोधावा.

'अय' नसलेल्या इच्छार्थक क्रियापदांत अडचण वाढते. 'धर्मं जिज्ञासाञ्चक्रे' हे क्रियापद, तर 'धर्मस्य जिज्ञासां चक्रे' हे नाम आणि क्रियापद. लेखनातला जोड-तोड हा पुरावा नव्हे, कारण हस्तलिखितांत शब्दांमधल्या मोकळ्या जागा भरवशाच्या नसतात, त्यामुळे विभक्तीच पाहावी लागते. वाक्यात कर्मच नसेल तर? छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात विद्वान गृहस्थ एकत्र येऊन 'मीमांसां चक्रुः', आपला आत्मा कोणता, ब्रह्म काय. येथे षष्ठीही नाही, द्वितीयाही नाही.

अशा वेळी पदाची, म्हणजे क्रियापद परस्मैपदी आहे की आत्मनेपदी याची, कसोटी उपयोगी पडते. अनुप्रयोगातील कृ मूळ क्रियापदाचे पद घेतो. ईक्षते आत्मनेपदी असल्याने आपल्या उताऱ्यात 'ईक्षाञ्चक्रिरे' आले, तर कर्तरि प्रयोगात आस आणि बभूव परस्मैपदीच राहतात आणि ही माहिती देत नाहीत. मीमांसते हेही आत्मनेपदी आहे, म्हणजे जोडरूप 'मीमांसाञ्चक्रिरे' व्हायला हवे होते. उपनिषदात 'चक्रुः' हे परस्मैपद आहे, म्हणून पाणिनीय निकषाने तेथे 'मीमांसा' हे नाम मानून 'त्यांनी विचारविनिमय केला' असा अन्वय लावणे अधिक योग्य ठरते. हा निकष ब्राह्मण-उपनिषदांच्या जुन्या गद्याला किती काटेकोरपणे लावावा, हा प्रश्न मात्र त्या गद्यातील इतर प्रयोग पाहूनच सोडवावा लागतो.