दोन टक्के आणि शहाण्णव हप्ते

कर्जाचा दर वाढल्याचं पत्र येतं, तेव्हा त्यात बरेचदा दिलासा देणारी एक ओळ असते: ‘आपल्या मासिक हप्त्यात बदल झालेला नाही.’ ती वाचून माणूस निर्धास्त होतो. पण दर वाढला आणि हप्ता तेवढाच राहिला, तर वाढीचा भार मुदतीवर पडलेला असतो. किती पडला याचा अंदाज मनातल्या मनात बांधायला गेलं, तर जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर फार कमी येतं. हे असं का होतं ते एकाच कर्जाचा हिशेब मांडून पाहू.

समजा, ३० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के बदलत्या दराने घेतलं. मासिक हप्ता २३,२५९ येतो. तीन वर्षं नियमित हप्ते भरल्यावर शिल्लक मुद्दल सुमारे २७,७०,०४४ असतं आणि २०४ हप्ते उरलेले असतात. आता दर ९ टक्के झाला. इथून पुढच्या हिशेबाशी मूळ ३० लाखांचा काही संबंध नाही. आजची शिल्लक, नवा दर आणि तिसरी एक गोष्ट एवढंच लागतं. हप्ता धरला तर मुदत निघते, मुदत धरली तर हप्ता निघतो.

आधी हप्त्याच्या पोटात काय आहे ते बघू. महिन्याचं व्याज म्हणजे शिल्लक गुणिले दर, भागिले १२००. जुन्या दराने ते १६,१५९ होतं. २३,२५९ मधून ते वजा केलं की ७,१०० उरत, आणि तेवढंच मुद्दल त्या महिन्यात फिटे. नव्या दराने व्याज २०,७७५ होतं, म्हणजे मुद्दलाला उरतात फक्त २,४८४. हप्ता तोच, पण कर्ज फेडणारा त्यातला तुकडा जवळजवळ एक तृतीयांश झाला. दर सातावरून नऊवर गेला ही वाढ बेताची वाटते. तिचा सगळा धक्का मात्र या छोट्या तुकड्याला बसतो. सगळी गोम इथेच आहे.

नवे आकडे काढायला कोणत्याही स्प्रेडशीटमधली दोन सूत्रं पुरतात:

```
=NPER(9%/12, -23259, 2770044)
=PMT(9%/12, 204, -2770044)
```

पहिलं सूत्र हप्ता तोच ठेवून उरलेली मुदत सांगतं. उत्तर येतं २९९.४, म्हणजे २९९ पूर्ण हप्ते आणि शेवटचा एक अपुरा. दोनशे चारचे तीनशे झाले. शहाण्णव हप्ते, पुरी आठ वर्षं वाढली. दुसरं सूत्र मुदत २०४ महिनेच ठेवून हप्ता सांगतं: २६,५५९, म्हणजे महिना ३,३०० जास्त. दोन्ही वाटांवर पुढे भरायचं एकूण व्याज मात्र फार वेगळं आहे. हप्ता वाढवला तर ते सुमारे साडेसव्वीस लाख होतं, मुदत वाढवली तर जवळपास बेचाळीस लाख.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मुदत दराच्या प्रमाणात वाढत नाही. याच कर्जाला, याच हप्त्यात, दर ८ टक्के झाला असता तर २०४ ऐवजी २३८ हप्ते लागले असते. ९ टक्क्यांना ३०० लागतात, साडेनऊला ३६३ आणि १० टक्क्यांना ५८९, म्हणजे एकोणपन्नास वर्षं. शेवटच्या अर्ध्या टक्क्याने सव्वादोनशेहून जास्त हप्ते वाढवले, कारण १० टक्क्यांना पहिल्या महिन्यात मुद्दलापोटी जेमतेम १७५ उरतात. सुमारे १०.०८ टक्क्यांवर तेही संपतात. तिथे हप्ता आणि व्याज बरोबरीत येतात आणि कर्ज कधीच फिटत नाही. त्यापुढे दर गेला की हप्ता भरूनही शिल्लक वाढते: साडेदहा टक्क्यांना पहिल्याच महिन्यात ती ९७९ ने फुगेल. NPER ला हा दर दिला तर आकड्याऐवजी `#NUM!` दिसतं. सूत्र चुकलेलं नसतं. त्या हप्त्यात त्या कर्जाला शेवटच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही मर्यादा आपल्या कर्जासाठी आजच काढून ठेवता येते. हप्त्याला बाराशेने गुणायचं आणि शिल्लक मुद्दलाने भागायचं. येणारा दर चालू दरापासून किती दूर आहे, ते बघायचं. अंतर एखाद्या टक्क्याचंच असेल, तर पुढच्या छोट्याशा वाढीनेही मुदत उसळी मारेल.

मुदत इतकी ताणली जाते, पण त्याच कारणाने हप्त्यातली थोडी वाढही पुष्कळ काम करते. समजा, पूर्ण ३,३०० वाढ झेपत नाही, तर कर्जदाराने हप्ता २५,००० करून घेतला. ही वाढ १,७४१ ची, पूर्ण वाढीच्या निम्म्याहून किंचित जास्त. तरी मुदत ३०० वरून २३८ वर येते. वाढलेल्या शहाण्णवपैकी बासष्ट हप्ते परत मिळतात. वाढीतले पहिले काहीशे रुपये सर्वांत जास्त महिने वाचवतात, कारण ते सरळ त्या २,४८४ च्या तुकड्यात जाऊन पडतात. म्हणून ‘सगळा हप्ता वाढवा किंवा सगळी मुदत’ असे दोनच पर्याय समोर आले, तर मधला मागून बघावा. हाताशी एकरकमी पैसे असतील तर आणखी एक वाट आहे. सुमारे ३,४४,००० मुद्दलात भरले तर हप्ता आणि २०४ ची मुदत दोन्ही जसेच्या तसे राहतात.

कर्ज शेवटाकडे आलेलं असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. याच कर्जाचे ६० हप्ते उरले असताना दर सातावरून नऊ झाला, तर मुदत फक्त चार महिन्यांनी वाढते. तोवर हप्त्यातला मोठा भाग मुद्दलाचाच झालेला असतो, व्याजाला खायला फारसं उरत नाही. दरवाढीचा खरा मार सुरुवातीच्या वर्षांतल्या लांब कर्जांना बसतो.

हिशेब चुकतो तो बहुधा सूत्रात नाही, सूत्रात घातलेल्या आकड्यांत. शिल्लक दर बदलला त्या तारखेची हवी. मागच्या वर्षअखेरीची घेतली की उत्तर बिघडतं. दर महिन्याच्या मधेच बदलला असेल, तर त्या एका महिन्याचं व्याज काही दिवस जुन्या आणि काही दिवस नव्या दराने लागतं, त्यामुळे तो महिना कोणत्याच दराशी तंतोतंत जुळत नाही. आणि दर टप्प्याटप्प्याने वाढला असेल, तर प्रत्येक पत्रातली वाढ मागच्या पत्राशी ताडून बघितली की छोटीच दिसते. ती पहिल्या मुदतीशी ताडून बघायला हवी.

पडताळणीसाठी दर बदलल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचा खातेउतारा घ्यावा. आपल्या उदाहरणात, बदल लागू होताना शिल्लक २७,७०,०४४ असेल, तर व्याजासमोर २०,७७५ आणि मुद्दलासमोर २,४८४ दिसायला हवेत. व्याजाचा आकडा काही शेकड्यांनी वेगळा आला, तर कर्ज देणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: व्याज कोणत्या तारखेच्या शिलकीवर लावलं, आणि नवा दर कोणत्या दिवसापासून धरला? त्यासोबत नवा परतफेड तक्ता मागून घ्यावा आणि त्याची शेवटची ओळ आधी वाचावी. शेवटच्या हप्त्याचा महिना आणि साल तिथेच छापलेलं असतं.