एकदा बसवलेला कूलर उचलून बघू नका
(घरी डेस्कटॉप जोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

चवथीच्या सुट्टीत आणि परीक्षा संपल्यावर आमच्या फोंड्याच्या दुकानात एकच तक्रार पुन्हापुन्हा येते: "नवीन मशीन जोडलं, पण प्रोसेसर लगेच शंभर डिग्रीला जातो. पेस्ट बदलून बघितली, तरी तेच. प्रोसेसर बदलून द्या." दहापैकी नऊ वेळा प्रोसेसर चांगला असतो आणि पेस्टही चांगली असते. प्रोसेसरवरचा कूलर नीट टेकलेला नसतो. बहुतेक वेळा पहिल्यांदा तो नीट टेकलेलाही होता. पेस्ट पसरली की नाही हे बघायला तुम्ही उचललात आणि दुसऱ्यांदा बसवताना बिघडलं. हे पत्रक त्या दुसऱ्या वेळेबद्दल आहे.

प्रोसेसर सॉकेटमध्ये कसा ठेवायचा, त्रिकोणी खूण कुठे जुळवायची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. ते न जमल्यामुळे आमच्याकडे आलेली मशिनं अगदी थोडी आहेत.

पेस्टचं काम काय ते आधी बघू. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्हींवर बारीक खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण 400 धरली, तर त्याच मापाने चांगल्या पेस्टची 5 ते 10 आणि हवेची जेमतेम 0.026. म्हणजे हवेपेक्षा पेस्ट कितीतरी बरी, आणि धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून पेस्टने फक्त हवा हाकलायची असते आणि तिचा थर शक्य तितका पातळ राहायला हवा. तो पातळ होतो कूलरच्या दाबाने. दाब एका कोपऱ्यात कमी पडला, तर तिथे पेस्ट जाड राहते आणि कितीही महागाची ट्यूब आणली तरी ती कमी भरून निघत नाही. काउंटरवर "यापेक्षा भारी पेस्ट द्या" म्हणणाऱ्याला आम्ही ती लगेच काढून का देत नाही, त्याचं कारण हेच. आधी मशीन बघू द्या, मग पेस्ट विकू.

इंटेलच्या बॉक्ससोबत येणाऱ्या कूलरच्या तळाला कंपनीने पेस्ट लावलेली असते. तीवर वेगळी पेस्ट घालू नका. तिला बोट लावू नका, आणि कूलर टेबलावर पालथा टेकवू नका. वेगळा कूलर घेतला असेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा एक ठिपका पुरतो. बाराव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर लांबट आहेत, त्यांच्यावर लांबीच्या दिशेने तांदळाच्या दोन दाण्यांएवढी रेघ ओढली तर टोकांपर्यंत पोचते. कार्डाने सारवत बसू नका. सारवताना बुडबुडे राहतात, आणि दाबाने ते काम आपोआप होतं. थोडी जास्त पडून कडेला आली तरी साध्या पेस्टने काही बिघडत नाही. वेगळ्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची पट्टी असते, ती मात्र आठवणीने सोला.

आता मुख्य गोष्ट. बॉक्सच्या इंटेल कूलरला चार पुश-पिना असतात. प्रत्येकीत दोन भाग: खाली पांढरे, मधून चिरलेले पाय, आणि त्यांच्या मधून उतरणारी काळी दांडी. आधी पांढरे पाय मदरबोर्डच्या भोकातून पलीकडे जायला हवेत. मग काळी दांडी मधून उतरते, पाय फाकवते, आणि पिन अडकते. तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. तिरप्या रेषेत समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. बोर्ड किंचित वाकतो, घाबरू नका.

नवीन कूलर कारखान्यातून येतो तेव्हा चारही पिना दाबायच्या स्थितीत असतात, म्हणून पहिल्यांदा सहसा नीट बसतो. मग पेस्टची शंका येते. तुम्ही पिनांच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा देता, पिना वर ओढता आणि कूलर उचलून बघता. पेस्ट पसरलेली दिसते, समाधान होतं, आणि तो तसाच परत ठेवून दाबता. इथे दोन चुका एकदम होतात.

पहिली पेस्टची. दाबून पातळ झालेला थर कूलर उचलताना फाटतो आणि त्याला शिखरं येतात. परत टेकवलं की त्या शिखरांच्या मधली हवा आत कोंडली जाते. म्हणून उचललेला कूलर त्याच पेस्टवर परत बसवायचा नाही. दोन्हीकडची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून नवी लावायची. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा अत्तर वापरू नका, मागे तेलकट थर राहतो.

दुसरी चूक पिनांची, आणि ती जास्त महागात पडते. बाणाच्या दिशेने फिरवलेली पिन 'सुटलेल्या' स्थितीत असते. परत बसवण्याआधी काळी डोकी पूर्ण वर ओढून, बाणाच्या उलट दिशेने, अडेपर्यंत फिरवायला हवीत. हे राहिलं तर पिन दाबली जाते, खाली गेल्यासारखी वाटते, पण अडकत नाही. काळी दांडी आधीच खाली असेल तर पांढरे पाय फाकलेले असतात आणि भोकात शिरत नाहीत. जोर केला की दुमडतात. दुमडलेला पाय सरळ केला तरी त्याची पकड पहिल्यासारखी राहत नाही.

खात्री करायची जागा एकच: मदरबोर्डची मागची बाजू. चारही ठिकाणी पांढरे पाय सारखे बाहेर आलेले आणि मधून काळी दांडी डोकावताना दिसायला हवी. म्हणूनच आम्ही सांगतो की कूलर बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच बसवा. बोर्ड कडक टेबलावर सपाट ठेवून दाबू नका, पायांना खाली उतरायला जागा मिळत नाही. बोर्डच्या खोक्यावर, सोबत आलेल्या फोमवर ठेवून दाबा, मग कडेने उचलून मागून बघा. कॅबिनेट आधीच भरलं असेल तर बऱ्याच कॅबिनेटना मागच्या पत्र्यात प्रोसेसरच्या जागी मोठं चौकोनी भोक असतं, तिथून मोबाइलच्या उजेडात दिसतं.

गेल्या पावसाळ्यात साखळीच्या एका मुलाचं मशीन आलं. i5-12400, बॉक्समधला कूलर. फर्मागुडीला शिकणारा, हुशार मुलगा. त्याने तीन वेळा कूलर काढून तीन वेळा पेस्ट लावली होती, प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीची. फोनवर आम्ही एवढंच म्हटलं, "आता उघडू नकोस, आहे तसं घेऊन ये." आमच्याकडे खोलीचं तापमान 30 होतं. विंडोज चालू करून काही न करता तापमान दाखवणाऱ्या HWiNFO मध्ये `CPU Package` 57 दाखवत होतं. लोड दिला आणि तीन सेकंदांत ते 100 वर गेलं. या प्रोसेसरची हीच मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो.

या तीन सेकंदांतच उत्तर होतं. पंखा मंद असेल, जाळीत धूळ असेल किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल, तर तापमान हळूहळू, काही मिनिटांत चढतं, कारण आधी कूलरचं धातू तापावं लागतं. तीन सेकंदांत चढलं तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. आम्ही कूलरच्या धातूच्या पंखांना हात लावला, ते गार होते. प्रोसेसर शंभरवर आणि कूलर गार, मग मधला टेकाच बिघडलेला.

बोर्ड मागून बघितला. तीन पाय बाहेर, चौथ्याचं टोक जेमतेम भोकात. कूलर काढल्यावर प्रोसेसरवरचा ठसा स्पष्ट होता: समोरच्या कडेला पेस्ट इतकी पातळ की धातू चमकत होता, आणि सुटलेल्या पिनेच्या बाजूला ती जाड, घातली तशीच. तीनही पेस्टी चांगल्या होत्या. दोनदा पिना उलट न फिरवता दाबल्यामुळे त्या पायाचं टोक दुमडलं होतं. ते सरळ करून बघितलं, पकड नीट आली नाही, म्हणून दुसरा कूलर लावला. तेवढ्याच लोडवर पंधरा मिनिटांनी 77. पेस्ट त्याच्याच ट्यूबमधली.

आकडे ताडताना एक लक्षात ठेवा. परदेशातल्या व्हिडिओंतल्या खोल्या वीस-बावीस डिग्रीच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात बत्तीस-तेहतीस. खोली जितकी गरम, साधारण तितकाच प्रोसेसर वर. त्यांच्यापेक्षा दहा जास्त दिसले म्हणून कूलर उचलू नका.

स्क्रूचा कूलर असेल तर तत्त्व तेच. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर कूलर तिरपा होतो आणि पेस्ट एका बाजूला सरकते. आधी चारही स्क्रू दोन-तीन आटे धरेपर्यंत लावा, मग तिरप्या रेषेत समोरासमोर दोन-दोन फेरे, अडेपर्यंत. ड्रिल नको. एएमडीच्या एएम4 प्रोसेसरला पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे वळवून सोडवा. जुना कूलर नव्या इंटेल बोर्डवर लावायचा असेल तर आधी विचारा. बाराव्या पिढीपासून भोकांचं अंतर 75 ऐवजी 78 मिलिमीटर झालं आहे आणि वेगळी पट्टी लागते.

काही जण विचारतात, तुम्ही बघायला मशीनच का मागता, प्रोसेसर एकटा का चालत नाही? कारण पुसलेल्या प्रोसेसरवरून आम्हाला काहीच कळत नाही. ठसा हाच आमचा पुरावा, आणि तुम्ही स्वच्छ पुसून आणलात की तो गेला. मग पुन्हा बसवून, तापवून, बघण्यात अर्धा दिवस जातो आणि तुमची एक खेप वाढते. कूलर जागेवर ठेवून आणलंत तर बहुतेक वेळा तुमच्यासमोरच अर्ध्या तासात सांगता येतं. खरोखर प्रोसेसर बिघडला असेल तर वॉरंटीचे कागद आम्हीच पाठवतो.

आमच्याकडून घेतलेल्या प्रोसेसर आणि कूलरचं बसवणं आम्ही दुकानात फुकट करून देतो. बोर्ड सोबत आणा, मागची बाजू तुम्हाला दाखवतो, मग बाकीची जोडणी घरी करा. जे मशीन वरचेवर हलवतात, वसतिगृहातून घरी नेतात, त्यांना आम्ही मागे लोखंडी पट्टी असलेला स्क्रूचा कूलर सुचवतो. पुश-पिनचा कूलर एका जागी राहणाऱ्या मशीनला अगदी पुरेसा आहे, उगाच बदलू नका. पेस्टची एक ग्रॅमची लहान ट्यूब दोन-तीन वेळा पुरते. मोठी घेऊ नका.

मशीन स्कूटरवरून किंवा बसने आणणार असाल तर कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर, म्हणजे कूलरचं वजन पिनांवर लोंबकळणार नाही. सोबत कूलरचं खोकं आणि उरलेले स्क्रूही आणा.