राउंड-अप बचत

प्रत्येक खर्चाची रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेऊन मधला फरक बचतीत टाकण्याची पद्धत. 43 रुपयांचे रिक्षाभाडे दिले की हिशेबात 50 रुपये गेले असे धरायचे. रिक्षावाल्याला 43 मिळतात आणि उरलेले 7 रुपये वेगळ्या खात्यात जमा होतात. बचतीची अजिबात सवय नसलेल्या माणसाला सुरुवात करून देण्यासाठी ही पद्धत वापरली जाते.

तिचे मूळ वहीतल्या हिशेबात आहे. अमेरिकेत चेकने पैसे देणारे अनेक जण आपल्या नोंदवहीत रक्कम मुद्दाम वाढवून लिहीत. त्यामुळे खात्यात वहीपेक्षा नेहमी थोडे जास्त पैसे असत, आणि बेरीज-वजाबाकीही सोपी जाई. ही सवय हेरून बँक ऑफ अमेरिकाने 2005 मध्ये आयडिओ या डिझाइन संस्थेच्या मदतीने ‘कीप द चेंज’ ही योजना आणली. डेबिट कार्डाने केलेली प्रत्येक खरेदी पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत मोजली जाई आणि दिवसभरातला एकूण फरक चालू खात्यातून बचत खात्यात जाई. पहिले तीन महिने बँक तेवढीच रक्कम स्वतःकडून घालत असे, नंतर 5 टक्के, आणि तेही वर्षाला 250 डॉलरच्या मर्यादेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यावरून पिग्मी आठवेल. सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये सुरू केलेल्या पिग्मी ठेवीत एजंट रोज दारात येऊन दोन आण्यांसारखी किरकोळ रक्कम गोळा करी. आपल्या पतसंस्थांमध्ये ती प्रथा आजही चालू आहे. दोन्हींत रक्कम बोचत नाही इतकी लहान असते. फरक असा की पिग्मीत माणूस आठवण करून देतो, तर राउंड-अपमध्ये खर्च हीच आठवण असते. बचतीसाठी वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही, आणि माझ्या मते पद्धतीचे खरे बळ यातच आहे.

समजा, एका दिवशी यूपीआयवरून दूध 66, रिक्षा 43, भाजी 85, वडापाव 20 आणि औषधे 312 रुपये असा खर्च झाला. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत गेल्यास फरक येतो 4, 7, 5, 0 आणि 8, म्हणजे 24 रुपये. एकूण खर्च 526 असल्याने हे ओझे पाच टक्क्यांहूनही कमी आहे. तोच हिशेब पन्नासच्या पटीने केला तर फरक 34, 7, 15, 30 आणि 38, म्हणजे 124 रुपये होतो. खर्चाच्या जवळजवळ चौथा हिस्सा! अशा वेळी त्रास न होणारी बचत उरत नाही, आणि महिनाअखेरीस ती रक्कम परत काढून घेण्याचा मोह होतो. म्हणून सुरुवात दहानेच करावी.

दहाने केलेली बचत मात्र लहानच राहते. शेवटचा आकडा 0 ते 9 पैकी कोणताही सारख्याच वेळा येत असेल, तर एका व्यवहारामागे सरासरी साडेचार रुपये पडायला हवेत. पण आपल्याकडे बरेच दर 0 किंवा 5 वर संपतात, त्यामुळे सरासरी घसरते. ती 3 रुपये धरली आणि महिन्यात 80 व्यवहार झाले, तर वर्षाला 2,880 रुपये साठतात. ही रक्कम पगाराऐवजी व्यवहारांच्या संख्येवर ठरते. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या काटकसरी घरात ती सर्वांत कमी दिसते, तर ऊठसूट ऑर्डर देणाऱ्याकडे सर्वांत जास्त. म्हणून नुसत्या जमा रकमेवरून बचत झाली असे समजू नये. मुख्य खाते आणि बचत खाते मिळून महिनाअखेरची शिल्लक वाढली का, हे पाहावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलून ही बचत चालू असेल, तर साठलेल्यापेक्षा व्याजच जास्त जाते.

फरक कुठे साठतो, हेही महत्त्वाचे. भारतात काही ॲप हे सुटे पैसे डिजिटल सोन्यात घालतात. सोन्याच्या खरेदीवर 3 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे 1,000 रुपयांत सुमारे 971 रुपयांचेच सोने येते. शिवाय खरेदी आणि विक्रीच्या दरात तफावत असते ती वेगळीच. भाव तेवढा चढेपर्यंत साठवणारा तोट्यात असतो. सुरुवातीच्या लहान रकमेसाठी साधे दुसरे बचत खाते बरे, फक्त त्यातली किमान शिल्लक आधी तपासावी.

ॲपशिवायही हे जमते. रोजचे फरक वहीत मांडून रविवारी एकदाच बेरीज दुसऱ्या खात्यात पाठवायची. तीन महिन्यांनी मासिक सरासरी कळली की त्या आकड्याचे आवर्ती ठेव खाते उघडता येते. पोस्टात ते दरमहा 100 रुपयांपासून सुरू होते.