सगळ्या भारांना एकच पट्टी लावली की काय होतं

मोबाइलनेट-व्ही२ हे फोटोतली वस्तू ओळखणारं न्यूरल नेटवर्क मुळात फोनसाठीच बेतलेलं आहे. त्यात सुमारे ३४ लाख भार आहेत, म्हणजे शिकताना ठरत गेलेल्या ३४ लाख संख्या. प्रत्येक संख्या ३२ बिटांच्या दशांश रूपात ठेवली तर फाइल साधारण १३.६ एमबीची होते, ८ बिटांच्या पूर्णांकात बसवली तर ३.४ एमबीची. शिवाय फोनच्या चिपला पूर्णांकांचे गुणाकार सोपे जातात, त्यामुळे उत्तर लवकर येतं आणि बॅटरीही कमी लागते. नेटवर्क पुन्हा न शिकवता, शिकून तयार झालेल्या संख्यांचंच असं रूपांतर करणं म्हणजे पोस्ट-ट्रेनिंग क्वांटायझेशन.

२०१९ मध्ये क्वालकॉमच्या संशोधकांनी याच नेटवर्कचे आकडे प्रसिद्ध केले. इमेजनेट या चित्रसंचावर मूळ नेटवर्क ७१.७२ टक्के चित्रं बरोबर ओळखत होतं. साध्या पद्धतीने ८ बिटांत आणल्यावर हा आकडा ०.१२ टक्के झाला. इमेजनेटमध्ये १००० प्रकार आहेत, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिलं तरी ०.१ टक्के बरोबर येणारच. थोडक्यात, शिकलेलं सगळं पुसलं गेलं होतं. क्वांटायझेशनने ‘थोडी अचूकता जाते’ एवढंच ऐकलेल्या कुणालाही हा आकडा बुचकळ्यात टाकेल. मला तरी या विषयात यापेक्षा शिकवून जाणारं उदाहरण सापडलेलं नाही.

रूपांतराचं गणित अगदी लहान आहे. r हा मूळ भार, S ही पायरीची उंची आणि q हा साठवायचा पूर्णांक:

```
q = round(r / S)
```

८ बिटांत −१२७ ते १२७ एवढेच पूर्णांक वापरायचे, नेटवर्कमधले भार एकामागून एक थरांत मांडलेले असतात, म्हणून थरातला सर्वांत मोठा भार १२७ वर बसेल अशी पायरी निवडतात. साध्या पद्धतीत अख्ख्या थराला एकच S असतो, आणि घोळ इथेच होतो.

समजा, एका थरात दोन चॅनल आहेत, म्हणजे आपापला निकाल काढणारे भारांचे दोन गट. पहिल्यातले भार −१० ते १० या पट्ट्यात पसरलेले आहेत, दुसऱ्यातले −०.०५ ते ०.०५ मध्ये. सर्वांत मोठा भार १०, म्हणून पायरी १० भागिले १२७, म्हणजे सुमारे ०.०७९. पहिल्या चॅनलला ही पायरी पुरते. दुसऱ्या चॅनलमधला ०.०३ हा भार मात्र अर्ध्या पायरीच्याही खाली आहे, त्यामुळे तो थेट शून्य होतो. ०.०५ हा अर्ध्या पायरीच्या जरा वर आहे, तो उचलून ०.०७९ केला जातो. अख्ख्या चॅनलच्या वाट्याला −१, ० आणि १ असे तीनच पूर्णांक येतात. त्या चॅनलने जे बारकावे टिपायला शिकलं होतं, ते तीन पायऱ्यांत मावत नाहीत. सब घोडे बारा टक्के म्हणतात तसा प्रकार.

पण एकाच थरात इतकी तफावत येते कुठून? शिकताना बॅचनॉर्म नावाची एक क्रिया प्रत्येक चॅनलच्या निकालाला त्याच्या स्वतःच्या विखुरणीने भागत असते. फोनवर पाठवताना हा भागाकार वेगळा ठेवत नाहीत, तो आधीच्या भारांतच मुरवून टाकतात. ज्या चॅनलचा निकाल शिकताना जेमतेम हलत होता, त्याची विखुरण अगदी लहान असते आणि लहान संख्येने भागल्यावर त्याचे भार फुगतात. त्यात मोबाइलनेटच्या डेप्थवाइज, म्हणजे प्रत्येक चॅनल वेगळा हाताळणाऱ्या थरांमध्ये एका चॅनलला ३ × ३ म्हणजे नऊच भार मिळतात. नेहमीच्या थरात एका निकालामागे शेकडो गुणाकार असतात, त्यामुळे कमी-जास्त झालेल्या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. नऊ भारांत तेवढी सोय नसते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येक चॅनलला स्वतःची पायरी देणं. आपल्या दुसऱ्या चॅनलची पायरी मग ०.०५ भागिले १२७, म्हणजे ०.०००३९ होते. ०.०३ चा पूर्णांक ७६ येतो आणि पायरीने परत गुणल्यावर ०.०२९९ मिळतो. दर चॅनलमागे एक जादा संख्या साठवावी लागते, एवढाच खर्च. त्याच शोधनिबंधात या उपायाने मोबाइलनेट-व्ही२ ७०.६५ टक्क्यांवर परत आलं.

त्या संशोधकांचा स्वतःचा उपाय वेगळा होता आणि मला तो फार देखणा वाटतो. दोन थरांमध्ये असलेलं रेलू हे फलन ऋण संख्येचा शून्य करतं आणि धन संख्या तशीच पुढे सोडतं. म्हणून फुगलेल्या चॅनलचे भार १०० ने भागले आणि पुढच्या थरात त्या चॅनलला लागणारे भार १०० ने गुणले, तर शेवटचं उत्तर जसंच्या तसं राहतं. अशा वाटणीने सगळे चॅनल एका मापाचे करायचे आणि मग एकच पायरी लावायची. एक अडचण होती. मोबाइलनेटमधलं रेलू६ सहाच्या वर सगळं कापतं, त्यामुळे गुणिले-भागिलेची ही युक्ती मोडते. त्यांनी त्याजागी साधं रेलू बसवलं, आणि मूळ अचूकता फक्त ७१.७० पर्यंत उतरली. समतोल साधल्यावर ८ बिटांतला आकडा ६९.९१ झाला. संख्या जवळच्या पायरीवर नेताना निकाल सरासरीने एका बाजूला सरकतो, तो सरकलेला भाग वजा करण्यासारख्या आणखी दुरुस्त्यांनंतर ७१.१९. एकही चित्र न वापरता आणि पुन्हा न शिकवता.

भारांचं असं निभावतं, पण थराथरांतून वाहणाऱ्या आकड्यांनाही पायरी लागते. तिथे प्रत्येक चॅनलला वेगळी पायरी देता येत नाही, कारण एका निकालासाठी येणाऱ्या सगळ्या चॅनलचे गुणाकार एकाच बेरजेत पडतात. वेगवेगळ्या पायऱ्यांचे पूर्णांक थेट मिळवता येत नाहीत. म्हणून शंभरएक नमुना चित्रं नेटवर्कमधून सोडायची, प्रत्येक थरात आकडे कुठून कुठपर्यंत जातात ते टिपायचं आणि त्यावरून पायरी ठरवायची.

इथे माझ्याकडून एकदा झालेली चूक सांगतो. नेटवर्कला −१ ते १ मधले पिक्सेल हवे होते, नमुना चित्रं मात्र मी ० ते २५५ अशीच दिली. प्रवेशाला ० ते २५५ असे पूर्णांक होते, त्यामुळे तिथली पायरी १ ठरली आणि ऋण संख्यांना जागाच उरली नाही. प्रत्यक्ष वापरात ०.५ च्या खालचं सगळं शून्य आणि वरचं सगळं १. म्हणजे २५५ पैकी १९१ पेक्षा उजळ पिक्सेल पांढरे, उरलेले सगळे एकसारखे करडे. कुठलीही त्रुटी दाखवली गेली नाही, उत्तरं फक्त भलतीच येत होती. चूक सापडली ती एकच फोटो मूळ आणि रूपांतरित अशा दोन्ही नेटवर्कमधून सोडून, प्रत्येक थराचे आकडे शेजारी ठेवल्यावर. अंतर हळूहळू वाढत गेलं तर ते पायऱ्यांचं नेहमीचं नुकसान. एखाद्या थराशी एकदम उडी दिसली तर दोष तिथेच शोधायचा. माझी उडी पहिल्याच ओळीत होती.

सगळं जमल्यावर उरतो तो ७१.७२ आणि ७१.१९ मधला ०.५३ टक्क्यांचा फरक. इमेजनेटच्या ५०,००० पडताळणी चित्रांत तो २६५ चित्रांचा होतो. पण हा निव्वळ हिशेब आहे. काही बरोबर उत्तरं चुकलेली असतात आणि काही चुकलेली बरोबर आलेली असतात, त्यामुळे बदललेली उत्तरं २६५ हून जास्त असू शकतात. मूळ नेटवर्कचं पहिलं आणि दुसरं उत्तर जिथे जवळजवळ बरोबरीत होतं, तिथे ती सहज पलटतात. म्हणून मी दोन टक्केवाऱ्यांवर थांबत नाही. दोन्ही नेटवर्कचं उत्तर वेगळं आलेली चित्रं बाजूला काढतो आणि ती कोणत्या प्रकारांची आहेत ते मोजतो. सगळ्या प्रकारांत विखुरलेली असली तर पुढे जातो, एकाच प्रकारात साचलेली दिसली तर पुन्हा थराथरांचे आकडे उघडतो.