नॉमिनी नाही, जोडखातं नाही: गोव्यात शेअर आणि म्युच्युअल फंड वारसांच्या नावावर कसे होतात

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण घेऊ. गुरुजी गेले. मागे पत्नी, फोंड्यातच राहणारा मुलगा आणि लग्न होऊन कुडाळला गेलेली मुलगी. मृत्युपत्र नाही. डीमॅट खात्यात 14 लाख 20 हजारांचे शेअर आणि एका फंड कंपनीत 3 लाख 20 हजारांची युनिट्स, दोन्ही एकट्या गुरुजींच्या नावावर, आणि नॉमिनीची जागा कोरी. उदाहरण बनवलेलं आहे, पण फोंडा ते काणकोण अशी घरं भरपूर सापडतील.

आधी एक खात्री करून घ्या: खातं खरंच एकट्याचं आहे ना? स्टेटमेंटवर दुसरा धारक असेल तर नॉमिनीचा प्रश्नच उरत नाही. मृत्यूचा दाखला आणि केवायसी देऊन सगळं हयात धारकाच्या नावावर होतं आणि पुढची बरीचशी दगदग वाचते. स्टेटमेंट सापडत नसेल तर ईमेलमध्ये किंवा जुन्या टपालात डिपॉझिटरी, म्हणजे शेअर संगणकीय रूपात सांभाळणारी संस्था, तिच्याकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट शोधा. पॅनवरचे डीमॅट आणि फंड त्यात एकत्र दिसतात.

दुसरी गोष्ट सांगायला कडू आहे, पण सांगतोच. गुरुजींचा मोबाईल घरात चालू असतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो, आणि कुणीतरी सुचवतं, ओटीपी येतोय तोवर विकून टाका. तसं करू नका. मेलेल्या माणसाच्या नावाने केलेला तो व्यवहार उद्या दुसऱ्या वारसाने उकरून काढला तर विकणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

आता गोव्याचा मुद्दा. ब्रोकरचा आणि फंडाचा फॉर्म सगळ्या देशासाठी एकच असतो. त्यात ‘कायदेशीर वारस’ असा रकाना असतो आणि इतर राज्यांतला हिंदू माणूस तिथे बायको आणि मुलं सगळ्यांची नावं एका ओळीत, सारख्या वाट्याने लिहितो. गोव्यात तसं नाही. इथे हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, वारसा पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने ठरतो आणि आज त्याची चौकट 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक असते. त्यामुळे गुरुजींच्या नावावरच्या शेअरांपैकी अर्धे त्यांच्या हयातीतच पत्नीचे होते. ती अर्ध्या हिश्शाची मालकीण आहे, इकडच्या कागदांतला शब्द ‘मोईटी होल्डर’. उरलेल्या अर्ध्याचे वारस म्हणजे मुलगा आणि मुलगी. मुलं असताना पत्नी वारस म्हणून त्यात वाटा घेत नाही.

आकड्यांत बघा. शेअर 14,20,000: पत्नीचे 7,10,000, मुलाचे 3,55,000, मुलीचे 3,55,000. युनिट्स 3,20,000: पत्नीच्या 1,60,000, मुलांच्या प्रत्येकी 80,000. मुंबईतल्या कार्यालयातला कारकून कधी म्हणतो, ‘तुमचा गोव्याचा कायदा तिथल्या घरांना, शेअर तर इथले.’ सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच कायद्याने वारसांकडे जाते.

हे वाटे आणि ही नाती सिद्ध करणारा कागद म्हणजे सक्सेशन डीड. तो तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात, विशेष नोटरीसमोर होतो. इथे लोकांची हमखास गफलत होते. कोर्टाच्या आवारात बसून प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारा वकील-नोटरी वेगळा आणि विशेष नोटरी वेगळा. पहिल्याकडून ‘आम्ही एवढेच वारस’ असं प्रतिज्ञापत्र करून आणलं तर ते सक्सेशन डीड होत नाही. डीडसाठी मृत्यूचा दाखला, लग्नाच्या नोंदीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, मृत्युपत्र नोंदलेलं नसल्याचा दाखला आणि कुटुंबाला ओळखणारे पण स्वतः वारस नसलेले साक्षीदार लागतात. डीडमध्ये मयताची विधवा आणि मोईटी होल्डर अमुक, वारस अमुक, आणि यांच्याशिवाय दुसरा कुणी वारस नाही, असं लिहिलेलं असतं. मग त्याची जाहीर सूचना निघते. मुलांची लग्नं झाली असतील तर सुनेचं किंवा जावयाचंही नाव त्यात येऊ शकतं, कारण त्यांच्या लग्नालाही सामायिक मालमत्तेचा नियम लागू असू शकतो. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर नावं डीडप्रमाणेच लिहा, एकही कमी नको आणि एकही जास्त नको.

डीड नसताही छोट्या रकमेचं काम होऊ शकतं, मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या मे 2022 च्या परिपत्रकाने डीमॅटसाठी प्रत्येक खात्यामागे 15 लाख आणि कागदी शेअरांसाठी प्रत्येक कंपनीमागे 5 लाख अशी मर्यादा घातली. तिच्या आत असेल तर न्यायालयाचा कागद लागत नाही. ट्रान्समिशनचा, म्हणजे मयताचं सगळं वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, मृत्यूचा मूळ दाखला किंवा नोटरीने साक्षांकित केलेली प्रत, दावेदाराचं पॅन, सर्व वारसांचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, बाकीच्यांचं ना हरकत पत्र आणि दावेदाराचा नोटरीकृत इंडेम्निटी बाँड, म्हणजे उद्या दुसरा हक्कदार उभा राहिला तर नुकसान मी भरीन अशी हमी, एवढ्यावर भागतं. मर्यादेच्या वर असेल तर न्यायालयाने दिलेलं वारसाचं सक्सेशन सर्टिफिकेट, मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर म्हणजे प्रोबेट, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा सक्षम सरकारी अधिकाऱ्याने दिलेला वारस दाखला वा त्याच्या तोडीचा कागद मागतात. वारस दाखल्यासोबतही इंडेम्निटी बाँड आणि ना हरकत पत्रं लागतातच.

मेख इथे आहे: किंमत अर्ज देण्याच्या दिवसाची धरतात, मृत्यूच्या दिवसाची नाही. गुरुजींचे 14 लाख 20 हजारांचे शेअर कागद जमवता जमवता 6 टक्के वाढले की 15 लाख 5 हजार 200 होतात आणि तीच फाईल मोठ्या रकमेच्या वाटेवर जाते. म्हणून रक्कम मर्यादेच्या इतकी जवळ असेल तर सक्सेशन डीड आधी करून ठेवावं, असं माझं मत. मर्यादा ओलांडली तर वारस दाखल्याच्या तोडीचा सरकारी कागद म्हणून तेच पुढे करायचं. सोबत एक साधं पत्र जोडा: गोव्यात वारस ठरवणारा कागद विशेष नोटरी 2012 च्या कायद्याखाली करतो, आणि विशेष नोटरी म्हणजे सरकारी अधिकारी. हे दोन वाक्यांत लिहिलेलं नसेल तर परराज्यातला तपासनीस ‘साधी नोटरी’ म्हणून फाईल परत पाठवू शकतो.

फंडाची मर्यादा वेगळी असते आणि ती फंड कंपनीगणिक मोजतात. चालू आकडा अर्जावरच छापलेला असतो, तो बघूनच कागद करा. अर्जाचं नाव T3. फंडांची नोंदवही सांभाळणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांची सेवाकेंद्रं पणजी आणि मडगावला आहेत. तुमचा फंड कुणाकडे ते स्टेटमेंटवर दिसतं. दावेदाराचं केवायसी झालेलं हवं आणि त्याच्या बँक खात्याचा नाव छापलेला रद्द चेक लागतो. डीमॅटसाठी दावेदाराचं स्वतःचं डीमॅट खातं लागतं आणि अर्ज ब्रोकरकडे जातो, कंपनीकडे नाही. कागद पूर्ण असले तर डीमॅटमधलं ट्रान्समिशन 7 दिवसांत आणि कागदी शेअरांचं 21 दिवसांत करायचं असा नियम आहे. खरा वेळ त्याआधी, कागद पूर्ण करण्यात जातो.

फाईल अडकण्याचं मोठं कारण म्हणजे नावं. जुन्या जन्मनोंदीत Naique, पॅनवर Naik. तिकडे Camotim, इकडे Kamat. Porobo आणि Prabhu. बापाच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरं असलं की संगणकाला ती दोन घराणी वाटतात. दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच खेपेला जोडा, आणि डीड करतानाच त्यात ‘उर्फ’ घालून दोन्ही रूपं लिहून घ्या. डीड झाल्यावर दुरुस्ती करणं जास्त त्रासाचं.

आता गुरुजींच्या घरातला खरा प्रश्न. दोन्ही मुलं म्हणतात, सगळं आईच्या नावावर जाऊ दे. चांगलं आहे. मुलगा आणि मुलगी ना हरकत पत्र देतात, आई दावेदार होते, शेअर आणि युनिट्स तिच्या खात्यात येतात. पण ना हरकत पत्राने ब्रोकरच्या वहीतलं नाव बदलतं, वारसाहक्क सुटत नाही. हक्क सोडायचा तर गोव्यात त्यासाठी रिलिंक्विशमेंट डीड लागतं, तेही विशेष नोटरीसमोर. आणि वारसा अर्धवट नाकारता येत नाही. कुडाळची मुलगी ‘शेअरांपुरतंच सोडते’ म्हणून त्या डीडवर सही करील, तर फोंड्याच्या घरातला आणि बागेतला तिचा वाटाही त्याबरोबर जाईल. तेव्हा फॉर्म भरून देणारा कुणी ‘ना हरकतपेक्षा पक्कं काम करू या’ म्हणाला तर सही करण्याआधी मसुदा घरी आणून वाचा.

एखादा वारस सही द्यायला तयार नसेल, सापडत नसेल किंवा अल्पवयीन असेल, तर वरची सोपी वाट संपते. मग दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत वाटणी. तिथे शेअर आणि युनिट्स मालमत्तेच्या यादीत घालायला विसरू नका. घर आणि जमीन लिहिली आणि डीमॅट राहिलं, तर निकालाचा कागद हातात असूनही ब्रोकर त्यावर काही करू शकत नाही.

नाव बदलल्यावर लगेच विकायचं असेल तर कराचं एवढं लक्षात ठेवा: वारसाकडे येताना कर लागत नाही, पण विकताना खरेदीची किंमत आणि तारीख गुरुजींचीच धरली जाते. म्हणून त्यांची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट आणि फोलिओचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट जुनं खातं बंद होण्याआधी काढून घ्या. कागद पूर्ण असूनही फाईल हलत नसेल तर लेखी कारण मागा, आणि ते पटलं नाही तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार करा. तिथे संबंधित कंपनीला 21 दिवसांत काय केलं ते कळवावं लागतं.