टॅमॉक्सिफेन आणि गरम वाफा: कोणती गोळी चालते, कोणती नाही

स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेतलेल्या बाईची पाळी चाळिशीतच थांबते, हे पुष्कळदा घडतं. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं अंडाशयातला बीजांडांचा मर्यादित साठा संपवतात. वय जितकं जास्त, तितका साठा आधीच कमी, म्हणून पस्तिशीच्या आतल्या बाईची पाळी पुष्कळदा परत येते आणि चाळिशीनंतर येण्याची शक्यता घटत जाते. त्यावर टॅमॉक्सिफेन सुरू झालं की उरलेल्या इस्ट्रोजेनलाही ते अडवतं, मेंदूतसुद्धा. मग सुरू होतात गरम वाफा आणि रात्रीचा घाम.

नैसर्गिक रजोनिवृत्तीत अशा वेळी हार्मोनची गोळी दिली जाते. इथे ती चालत नाही. कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांना इस्ट्रोजेन देऊन पाहणारी ‘हॅबिट्स’ ही चाचणी 2003 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण हार्मोन घेणाऱ्या गटात रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोया आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांचा वाफांवर भरवशाचा परिणाम दिसलेला नाही. शिवाय त्या इस्ट्रोजेनसारखंच काम करू शकतात, त्यामुळे इथे त्या टाळलेल्याच बऱ्या.

वाफ येते कशी? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी असतात. इस्ट्रोजेन त्यांना आवर घालतं. ते कमी झालं की या पेशी न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन जास्त सोडतात आणि शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र अवाजवी संवेदनशील होतं. अंगाचं तापमान किंचित वाढलं तरी मेंदू समजतो की शरीर तापलंय. कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो आणि दोन मिनिटांनी थंडी वाजते. पातळ कपड्यांचे थर, गार खोली, पलंगाशेजारी पंखा या साध्या उपायांचा उपयोग इथेच आहे: ती किंचित वाढच होऊ द्यायची नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा 42 वर्षांची बाई आहे. केमो संपून आठ महिने झालेत, रोज 20 मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन चालू आहे. औषध सुरू करण्याआधी तिने आठवडाभर वही ठेवावी. सौम्य वाफेला 1, मध्यमला 2, तीव्रला 3, अतितीव्रला 4 गुण द्यायचे आणि रोजची बेरीज करायची. तिला दिवसा चार मध्यम (8) आणि रात्री चार तीव्र (12) वाफा येतात, म्हणजे रोजचे 20 गुण. ही वही फार महत्त्वाची आहे, कारण वाफांच्या चाचण्यांत साखरेच्या गोळीनेही त्रास पाव हिश्शाने कमी झाल्यासारखा दिसतो. आकडा 20 वरून 16 वर आला, तर औषध लागू पडलं असं म्हणता येत नाही.

इथे एक सापळा आहे. वाफांसाठी अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झालेली पहिली बिगर-हार्मोन गोळी म्हणजे कमी मात्रेतलं पॅरोक्सेटिन, आणि नेमकी तीच या बाईला नको. टॅमॉक्सिफेन गिळलं जातं तसं फारसं प्रभावी नसतं. यकृतातलं सीवायपी2डी6 हे एन्झाइम त्याचं एन्डॉक्सिफेन बनवतं आणि खरं काम ते करतं. पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि बुप्रोपिऑन या एन्झाइमला रोखतात, त्यामुळे रक्तातलं एन्डॉक्सिफेन घटतं. यामुळे रोग उलटतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण पर्याय असताना जोखीम घ्यायचं कारणच नाही. मनाच्या आजारासाठी यातली गोळी आधीपासून चालू असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये. कर्करोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना सांगून बदलून घ्यावी. शरीरात इस्ट्रोजेन बनणंच रोखणारी ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल घेणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण ती औषधं या एन्झाइमवर अवलंबून नसतात.

टॅमॉक्सिफेनसोबत चालणारं म्हणजे व्हेनलाफॅक्सिन, मुळात नैराश्यावरचं औषध. सकाळी जेवणासोबत 37.5 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल, आठवड्याने 75. एका जुन्या चाचणीत 75 मिलिग्रॅमवर वाफांचे गुण सुमारे 60 टक्क्यांनी उतरले, साखरेच्या गोळीवर 27 टक्क्यांनी. परिणाम एक-दोन आठवड्यांतच कळतो. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि तोंडाला कोरड येते. रक्तदाब मोजत राहावा. दोन-तीन डोस चुकले तर चक्कर आणि डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं, म्हणून बंद करायचं तेही हळूहळू.

समजा दोन आठवड्यांनी वही 13 गुण दाखवते: दिवस सुधारला, रात्र तशीच. इथे गॅबापेंटिन हे मुळात फिट्सवरचं औषध जोडावंसं वाटतं. पण नैराश्यावरचं औषध पुरेसं लागू पडत नसताना गॅबापेंटिन जोडून पाहिलेल्या चाचणीत, दोन्ही एकत्र घेण्याने नुसत्या गॅबापेंटिनपेक्षा जास्त फायदा झाला नाही. म्हणून व्हेनलाफॅक्सिन उतरवत गॅबापेंटिनवर जाणं जास्त शहाणपणाचं. झोपताना 300 मिलिग्रॅमने सुरुवात, गरज पडल्यास दिवसाला 900 पर्यंत. त्याची गुंगी इथे कामाचीच ठरते, फक्त सकाळी गाडी चालवताना जपून.

न्यूरोकायनिनचाच रस्ता अडवणारी नवी औषधंही आली आहेत. फेझोलिनेटंट (रोज 45 मिलिग्रॅम) चालू असताना यकृताच्या तपासण्या कराव्याच लागतात आणि त्याच्या मुख्य चाचण्यांत कर्करोग झालेल्या बायका नव्हत्या. एलिनझानेटंट (झोपताना 120 मिलिग्रॅम) मात्र ‘ओएसिस-4’ चाचणीत हार्मोनरोधक उपचार घेणाऱ्या बायकांमध्येच तपासलं गेलं आणि वाफा कमी झाल्या. उपलब्ध असेल तर तज्ज्ञांना जरूर विचारावं.

योनीमार्गाच्या कोरडेपणाबद्दल डॉक्टर क्वचित विचारतात, म्हणून आपणच बोलावं. मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत, आत लावायचं. दुसरं फक्त संबंधाच्या वेळी. तेलकट ल्युब्रिकंटने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, सिलिकॉनच्या ल्युब्रिकंटने नाही. तरीही प्रवेशद्वाराशी आग होत असेल, तर डॉक्टरांकडून 4 टक्के लिडोकेनचं द्रावण लिहून घेता येतं: कापूस त्यात भिजवून संबंधाआधी तीन मिनिटं तिथे दाबून धरायचा.

या बाईची पाळी आठ महिने नाही, म्हणून अंडाशय बंद पडलं असं मात्र समजू नये. टॅमॉक्सिफेनवर पाळी थांबूनही अंडाशय चालू असू शकतं. दिवस राहू शकतात आणि टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक आहे, म्हणून गर्भनिरोधन हवं. गोळ्या किंवा हार्मोनची कॉइल नको, तांब्याची चालते. पुढे कोणी टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल सुचवलं, तर आधी इस्ट्राडिओल या मुख्य इस्ट्रोजेनची पातळी तपासून घ्यावी, तीही अत्यल्प प्रमाण मोजू शकणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्री पद्धतीने. लेट्रोझोलने इस्ट्रोजेन घटलं की मेंदू अंडाशयाला चालना देणारं एफएसएच हे हार्मोन वाढवून झोपलेल्या अंडाशयाला जागं करतो, आणि मग औषध निरुपयोगी ठरतं. म्हणून अशा बाईला सहसा अंडाशयाचं काम थांबवणारं गोसेरेलिनचं इंजेक्शन, 3.6 मिलिग्रॅम दर 28 दिवसांनी, सोबत दिलं जातं. लेट्रोझोल चालू असताना गरम वाफा अचानक बंद झाल्या किंवा थोडा जरी रक्तस्राव दिसला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता कर्करोगतज्ज्ञांना कळवावं.