भाडेकरूच्या किंवा घरमालकाच्या मृत्यूनंतरचा भाडेहक्क

भाडेकरू किंवा घरमालक वारला म्हणून भाडेदारी संपत नाही. मात्र भाडेकरूमागे तिच्यावर हक्क कोणाचा, हे वारसाहक्काच्या नेहमीच्या वाटणीने ठरत नाही. नागपुरात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश चाले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे.

या अधिनियमाच्या कलम ७(१५) नुसार, राहत्या घरात भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. दुकान असेल तर त्याच्यासोबत तिथे धंदा करणारा. असे कोणी नसेल, तरच इतर वारसांची पाळी येते. एकमत न झाल्यास न्यायालय ठरवते.

समजा, महालातल्या एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांचे भाडेकरू आजोबा वारले. पत्नी आणि धाकटा मुलगा तिथेच राहत होते, थोरला मुलगा पुण्यात, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. मृत्युपत्रात त्यांनी खोल्या पुतण्याच्या नावे लिहिल्या. थोरला मुलगा आणि मुलगी वारस आहेत, पण सोबत राहत नव्हते. हक्क आई आणि धाकट्याकडे येतो, आणि दोघांपैकी कोण ते आपसांत ठरवता येते. पुतण्याला काहीच मिळत नाही, कारण असा भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईच्या जुन्या भाडे कायद्यासंदर्भात स्पष्ट केले. सोबत राहत असल्याचा पुरावा म्हणजे रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचा दाखला असे कागद. ते मृत्यूच्या आधीच्या तारखेचे असले, तरच वजन पडते.

खरी अडचण पुढे येते. "पावती तुमच्या नावाने करून देतो" म्हणत घरमालक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सही मागतो. ती केली, तर जुना संरक्षित हक्क सोडून दिल्याचा अर्थ निघू शकतो. पावतीवरचे नाव बदलायला नव्या कराराची गरज नाही. लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि भाडे चालू ठेवावे.

बेसा, मनीषनगरकडचे फ्लॅट बहुधा लिव्ह अँड लायसन्सवरच दिलेले असतात. ती व्यक्तीला दिलेली परवानगी असते, त्यामुळे घेणारा वारल्यावर कुटुंबाला भाडेकरूचा दर्जा मिळत नाही. मालक वारला, तर मुदत संपल्यावर ताबा मागण्याचा कलम २४ चा अधिकार त्याच्या वारसांनाही आहे.

नियमित भाडेदारीत घरमालक वारला, तर त्याचे वारस त्याच अटींवर मालक होतात. त्यांच्यात भांडण असेल, तर भाडेकरू "कोणाला देऊ?" म्हणत भाडे थांबवतो आणि तिथेच फसतो. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांत रक्कम न भरल्यास ताब्याचा दावा लागू शकतो. म्हणून सगळ्या वारसांना पत्र टाकून कोणाच्या खात्यात भाडे भरायचे ते लेखी मागवावे, आणि उत्तर येईपर्यंत मनीऑर्डरने पाठवत राहावे. ती परत आली, तर पोस्टाचा शेरा जपून ठेवावा.